सावकाश वाकवा, मग झटकन: पोटरीचा स्पिंडल, ताणाचा प्रतिक्षेप आणि स्ट्रोकनंतरची स्पॅस्टिसिटी

फिजिओथेरपीच्या पहिल्या पोस्टिंगला आलेल्यांसाठी आणि घरी स्ट्रोकच्या रुग्णाची काळजी घेणाऱ्यांसाठी हे लिहिले आहे. सगळे शरीर एकदम घेतले की गोंधळ उडतो, म्हणून आपण एकच सांधा घेऊ: घोटा. एकच स्नायूंचा गट घेऊ: पोटरी. घोट्यावर जे नीट कळले ते कोपरावर आणि मनगटावर लावायला फारसा वेळ लागत नाही.

आणि एक माणूस घेऊ. समजा, गोव्यात म्हापशातले 54 वर्षांचे एक मोटारसायकल पायलट, म्हणजे दुचाकीवरून भाड्याने माणसे नेणारे. मेंदूच्या उजव्या बाजूला स्ट्रोक झाला, डावे अंग गेले. पहिले दोन आठवडे डावा पाय गोणपाटासारखा लुळा होता, उचलून सोडला तर धप्पकन पडायचा. आता बारावा आठवडा आहे. काका काठी घेऊन घरातल्या घरात चालतात, पण डावी टाच जमिनीला नीट टेकत नाही आणि पाऊल आत वळते. घरच्यांची तक्रार मात्र वेगळीच आहे. संध्याकाळी ते सोप्यावर बसतात, डाव्या पावलाचा पुढचा भाग पायरीच्या कडेवर असतो आणि टाच हवेत. अचानक पाय थडथडायला लागतो, शिलाई मशीनच्या पायट्यासारखा, आणि थांबतच नाही. घरचे म्हणतात, ‘फिट आली.’ शेजारी म्हणतात, ‘थंडी भरली.’ दोन्ही चूक. काका पूर्ण शुद्धीवर असतात, बोलत असतात, आणि गुडघ्यावर हात ठेवून टाच खाली दाबली की पाय जागच्या जागी शांत होतो. याला क्लोनस म्हणतात. हे थडथडणे समजले की स्पॅस्टिसिटीचा, म्हणजे झटकन ताणले की स्नायू ताठ होऊन अडतो त्या बिघाडाचा, अर्ध्याहून अधिक भाग समजला, म्हणून तिथेच पोचायचे आहे.

आधी स्पिंडल

पोटरीच्या मांसात, साध्या स्नायुतंतूंच्या मधोमध, काही मिलिमीटर लांबीच्या बारीक पिशव्या असतात. दोन्ही टोकांना निमुळत्या आणि मध्ये फुगीर, सूत कातायच्या चातीसारख्या. स्पिंडल हे नाव त्यावरूनच आले. पिशवीत मोजकेच अगदी बारीक तंतू असतात. हे तंतू पाऊल हलवत नाहीत, तेवढी ताकदच त्यांच्यात नाही. त्यांचे काम मोजण्याचे.

स्पिंडल कुठे बसवला आहे, इकडे लक्ष द्या. तो साध्या तंतूंच्या शेजारी, समांतर असतो. त्यामुळे पोटरी ताणली गेली की तोही ताणला जातो आणि पोटरी आखडली की तो सैल पडतो. कंडरेपाशी गॉल्जीचा अवयव असतो, तो तंतूंच्या ओळीत, साखळीतल्या कडीसारखा असतो; तो लांबी मोजत नाही, ओढ मोजतो. परीक्षेत या दोघांची अदलाबदल हमखास होते. लांबीसाठी शेजारी बसावे लागते आणि ओढीसाठी साखळीत, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

स्पिंडलच्या मधल्या भागाभोवती एका जाड, वेगवान चेतातंतूचे वेटोळे असते. हा पहिल्या गटाचा तंतू, पुस्तकात ‘वन-ए’. तो स्नायू किती लांब झाला हे सांगतो, पण त्याहून मोठ्या आवाजात सांगतो तो किती वेगाने लांब होतोय हे. ताण सुरू असताना त्याच्या ठिणग्या धडाधड सुटतात, ताणून तिथेच धरून ठेवले की कमी होतात आणि स्नायू झटकन आखडला की क्षणभर तो गप्प होतो. दुसऱ्या गटाचा बारीक तंतू मुख्यतः लांबीच सांगतो, वेगाशी त्याला फारसे देणेघेणे नाही. म्हणजे स्पिंडल नुसती मोजपट्टी नाही, त्यात स्पीडोमीटरही आहे. पुढे येणारे सगळे या एका गोष्टीवर उभे आहे.

आता एक अडचण. पोटरी आखडली की स्पिंडल सैल पडतो, आणि सैल पडलेला स्पिंडल आंधळा. गळ टाकून बसलेल्याला हे सांगावे लागत नाही: दोरी सैल पडली की मासा लागला तरी बोटाला कळत नाही, म्हणून तो सैल दोरी गुंडाळत राहतो. स्पिंडलमध्ये दोरी गुंडाळायचे काम गॅमा नावाचे छोटे मोटर न्यूरॉन करतात. ते स्पिंडलच्या दोन्ही टोकांना आखडवतात, त्यामुळे मधला भाग ताठ राहतो. मोठ्या स्नायूला हुकूम देणारे न्यूरॉन म्हणजे अल्फा. आपण मनाने हालचाल करतो तेव्हा अल्फा आणि गॅमा साधारण बरोबरीनेच कामाला लागतात. गॅमा इथे लक्षात ठेवा, त्याच्यावर एक खोटा आळ आहे, तो पुढे उतरवू.

हातोडी ते झटका: 35 मिलिसेकंदांचा रस्ता

काकांना पाठीवर झोपवा. गुडघा थोडा वाकवून मांडी बाहेरच्या बाजूला पडू द्या. एका हाताने पाऊल अलगद वर धरा, म्हणजे पोटरीची कंडरा किंचित ताणात येईल. टाचेच्या वर, कंडरेवर हातोडी स्वतःच्या वजनाने पडू द्या. जोर लावू नका, मनगट सैल ठेवा. पाऊल खाली झटकते. हाच ताणाचा प्रतिक्षेप.

या झटक्यात काय झाले? कंडरेवर ठोका पडला, पोटरी क्षणार्धात जराशी ताणली गेली, स्पिंडलने वेग टिपला. वन-ए तंतूने ती खबर मज्जारज्जूत, पहिल्या सॅक्रल पातळीला नेली आणि तिथे थेट पोटरीच्याच अल्फा न्यूरॉनला दिली. मध्ये कुणी मध्यस्थ नाही, दोन न्यूरॉनमधला एकच सांधा. अल्फाने पोटरी आखडवली. सोबत वन-एने एका छोट्या मध्यस्थ न्यूरॉनमार्फत नडगीवरच्या, म्हणजे पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूला गप्प बसवले, नाहीतर दोघे भिडले असते.

वेळेचा हिशेब करून बघा. पोटरीपासून मज्जारज्जूच्या त्या भागापर्यंत मध्यम उंचीच्या माणसात साधारण 80 सेंटिमीटर. जाऊन-येऊन 1.6 मीटर. या तंतूंचा वेग सेकंदाला सुमारे 60 मीटर धरला तर 27 मिलिसेकंद. मज्जारज्जूतल्या सांध्याला एक, चेता-स्नायूच्या जोडाला एक आणि दोन्ही टोकांना थोडे. बेरीज 30 ते 35 मिलिसेकंद. ठरवून पाय हलवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. त्यामुळे रुग्ण ‘मुद्दाम पाय कडक करतोय’ असे घरचे म्हणाले तर त्यांना हा हिशेब सांगा. हा झटका मनापर्यंत पोचायच्या आत होऊन गेलेला असतो.

नवख्यांच्या हातून दोन चुका होतात. पाऊल वर धरायलाच विसरतात, मग कंडरा ढिली राहते आणि झटका येत नाही. कागदावर ‘प्रतिक्षेप नाही’ अशी नोंद पडते. नाहीतर रुग्णाने पाय धरून ठेवलेला असतो. अशा वेळी त्याला दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून ओढायला सांगा आणि त्याच क्षणी ठोका द्या. ही येंद्राशिकची युक्ती 1885 पासून चालत आली आहे आणि आजही काम करते.

हा प्रतिक्षेप एरवी दबून का असतो

निरोगी माणूस अंग सैल सोडून झोपला असताना तुम्ही त्याचा घोटा सावकाश वाकवला, तर पोटरी बहुतांशी गप्प राहते. स्पिंडल ओरडतोय, पण अल्फा त्याकडे पुरेसे लक्ष देत नाही. दार बंद नाही, नुसते ओढून घेतलेले आहे. ते ओढून धरणारा हात मेंदूतून खाली येतो.

मेंदूच्या खोडात जाळीदार भाग आहे, रेटिक्युलर फॉर्मेशन. तिथून मज्जारज्जूत उतरणाऱ्या वाटांपैकी एक, मागच्या बाजूची, ताणाच्या प्रतिक्षेपाला दाबून ठेवते. दुसऱ्या वाटा, म्हणजे मधली रेटिक्युलर वाट आणि तोल सांभाळणाऱ्या केंद्राकडून येणारी वाट, त्याच प्रतिक्षेपाला चढवतात, म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध उभे राहता यावे. दाबणाऱ्या केंद्राला आपले काम करायला मेंदूच्या वरच्या थराकडून सतत चिथावणी लागते. चढवणाऱ्यांना तशी गरज नसते, ते आपापले चालू राहतात.

काकांचा स्ट्रोक या चिथावणीच्या तारांवर पडला. बोटे-पाऊल नेमकेपणाने हलवणारी कॉर्टिकोस्पायनल वाट तुटली म्हणून ताकद गेली. तिच्या सोबतीने उतरणाऱ्या, रेटिक्युलर केंद्राला जागे ठेवणाऱ्या तारा तुटल्या म्हणून दाबणारा हात ढिला पडला. चढवणारे हात शाबूत. पारडे एका बाजूला झुकले. दुबळेपणा आणि स्पॅस्टिसिटी या एकाच अपघातातल्या दोन वेगळ्या इजा आहेत. माकडांमध्ये मेंदूच्या खोडाच्या खालच्या भागात फक्त पिरॅमिड, म्हणजे कॉर्टिकोस्पायनल वाट तेवढी कापली, तेव्हा हालचाल बिघडली पण स्नायू ताठ होण्याऐवजी सैलच राहिले. ‘पिरॅमिडल वाट तुटली म्हणून स्पॅस्टिसिटी’ हे वाक्य वह्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या उतरवले जाते, ते त्या अर्थाने अपुरे आहे.

पण मग पहिले दोन आठवडे पाय लुळा का? दाबणारा हात सुटला त्याच दिवशी पाय कडक व्हायला हवा होता. तसे होत नाही, कारण दाबणाऱ्यांसोबत अल्फा न्यूरॉनला नेहमी मिळणारी वरची चेतनाही एकदम कमी झालेली असते, आणि मज्जारज्जूला नव्या परिस्थितीत बसायला दिवस, आठवडे लागतात. या काळात तिथे खरोखर बदल होतात. अल्फा न्यूरॉन एकदा पेटला की लवकर विझत नाही, कारण त्याच्या पडद्यातून आत शिरणारे टिकाऊ विद्युत प्रवाह त्याला पेटता ठेवतात. वन-एच्या टोकावरची एक मूळची सवयही मोडते. एरवी तीच खबर पुन्हा पुन्हा आली की हे टोक प्रत्येक वेळी थोडे कमी रसायन सोडते, जणू ‘ऐकले, ऐकले’ म्हणते. स्पॅस्टिक पायात ही घट कमी होते, दहाव्या खबरीलाही जवळजवळ पहिल्याइतकाच मान मिळतो. नडगीच्या आणि पोटरीच्या स्नायूंनी एकमेकांना गप्प करण्याची व्यवस्थाही लंगडी पडते.

आता गॅमाचा आळ. जुन्या पुस्तकांत लिहिले जायचे की गॅमा न्यूरॉन बेफाम होतात, स्पिंडल अति ताठ होतो, म्हणून प्रतिक्षेप वाढतो. ऐकायला पटते. पण माणसाच्या चेतातंतूत बारीक सुई घालून स्पिंडलच्या ठिणग्या थेट मोजता यायला लागल्या, तेव्हा स्पॅस्टिक स्नायूतले स्पिंडल निरोगी माणसासारखेच बोलताना आढळले. खबर देणारा बदललेला नाही, ऐकणारा बदलला आहे. हे नुसते पुस्तकी नाही: स्पिंडलला चोळून, ठोकून ‘शांत’ करण्याच्या उपायांवर वेळ घालवण्याआधी हे माहीत असलेले बरे.

मग थडथडणे कुठून आले

पुन्हा सोप्यावर जाऊ. पायरीच्या कडेवर पावलाचा पुढचा भाग, टाच हवेत, वरून पायाचे वजन. वजनाने टाच खाली जाते, पोटरी झटकन ताणली जाते. 35 मिलिसेकंदांनी पोटरी आखडते आणि टाच वर उचलते. आखडताच स्पिंडल सैल पडून गप्प होतो. खबर थांबली, पोटरी ढिली पडली, वजनाने टाच पुन्हा खाली, पुन्हा ताण. एक फेरी पुरी व्हायला प्रतिक्षेपाचे 35 आणि पोटरीचा ताण चढून उतरायचे शंभराहून जास्त, असे मिळून 150 ते 200 मिलिसेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला पाच ते सात ठोके, आणि घोट्याचा क्लोनस मोजला तर तेवढाच भरतो. निरोगी पायात वन-एचे टोक दोनचार खबरींनंतर कंटाळते आणि खेळ संपतो. काकांच्या पायात ते कंटाळत नाही.

थांबवायचे कसे हेही यातूनच निघते. फेरी चालायला टाच मोकळी हवी. टाच जमिनीवर पक्की टेकवली आणि गुडघ्यावरून सरळ खाली दाबले की पोटरी एकाच लांबीवर धरली जाते, वेग शून्य, स्पिंडलचा स्पीडोमीटर खाली. किंवा बोटे पायरीवरून उचलून घ्या, ताणच गेला. पाय घट्ट पकडून हिसके देऊ नका, प्रत्येक हिसका म्हणजे नवा ठोका. आणि बसायची जागा बदला: ज्या खुर्चीवर पूर्ण पाऊल जमिनीला टेकते ती.

हाताने तपासणे: सावकाश एकदा, झटकन एकदा

जेम्स लान्स यांनी 1980 मध्ये केलेली स्पॅस्टिसिटीची व्याख्या आजही वापरतात. तिचा गाभा एका वाक्यात सांगायचा तर: ताणाचा वेग वाढेल तसा विरोध वाढतो. मग तपासणीत दोन वेग हवेतच. एकाच वेगाने वाकवून ‘टोन वाढलेला’ लिहिणारा माणूस निम्मी गोष्ट टाकून देतो. हाताला लागणाऱ्या विरोधाला गुण देणाऱ्या अ‍ॅशवर्थ मोजपट्टीबद्दल आमची तक्रार हीच आहे: ती झटपट आहे, सगळीकडे चालते, पण स्नायू प्रतिक्षेपाने अडतोय की आखडून बसलाय हे ती सांगत नाही. दोन वेगांची टार्डियूची पद्धत सांगते, पुढची तपासणी तिचीच.

काका पाठीवर, डोके मध्यात, खोली उबदार, लघवी करून आलेले. पाचेक मिनिटे तसेच पडू द्या. गुडघा सरळ ठेवा. टाच मुठीत धरा, तुमची कोपरापर्यंतची बाजू पावलाच्या तळव्याला लागू द्या आणि टाच किंचित आत वळलेली ठेवा. हे टाच पकडणे टाळले तर पाऊल मधेच मोडते, म्हणजे घोटा हलतच नाही, पावलाची कमान सपाट होते आणि तुम्हाला वाटते दहा अंश मिळाले. ही चूक इतकी सर्रास होते की आम्ही कागदावरचे चांगले आकडे आधी संशयानेच बघतो.

पहिल्यांदा पाऊल जमेल तितके सावकाश वर वाकवा, चार-पाच सेकंद घ्या. पाऊल जिथे थांबेल तो कोन मोजा. गोनिओमीटरचा मध्य बाहेरच्या घोट्यावर, एक हात नडगीच्या बाहेरच्या हाडाच्या रेषेत, दुसरा करंगळीच्या हाडाच्या रेषेत. पाऊल आणि नडगी काटकोनात असतील तेव्हा शून्य धरा. काकांचे उत्तर: शून्याच्या पुढे 5 अंश. हा आर-2.

मग पाऊल पुन्हा खाली आणा, थोडे थांबा आणि एकदाच, शक्य तितक्या झटकन वर न्या. मधेच कुठेतरी हात अडतो, भिंतीला लागल्यासारखा, आणि मग सुटतो. हा ‘कॅच’. काकांचा कॅच शून्याच्या 15 अंश अलीकडे आला. हा आर-1. झटकन वाकवणे पहिल्याच वेळी मोजा. तीन-चार वेळा करून ‘खात्री’ करायला गेलात तर स्नायू थोडा ढिला पडत जातो आणि आकडा बदलतो.

दोन आकड्यांतला फरक 20 अंश. फरक मोठा, म्हणजे अडथळा मुख्यतः प्रतिक्षेपाचा. सावकाश गेलात तर रस्ता मोकळा आहे. आता गुडघा वाकवून हेच करा. काकांचा आर-2 झाला 15 आणि कॅच शून्यावर. गुडघा वाकवल्यावर 10 अंश जास्त मिळाले, म्हणजे गुडघ्यावरून जाणारा वरचा स्नायू, गॅस्ट्रोक्नेमियस, त्या 10 अंशांना अडवत होता. खालचा सोलियस त्या मानाने बरा आहे. इंजेक्शन कुठे द्यायचे, स्प्लिंट कसा करायचा, हे या फरकावर ठरते.

याच काकांना तीन महिने टाच टेकवताच आली नाही असे समजा. गुडघा सरळ ठेवून आर-2 शून्याच्या 10 अंश अलीकडे आणि कॅच 15 अलीकडे. फरक 5. कॅच तिथेच आहे, म्हणून उडत्या नजरेने बघणाऱ्याला वाटेल काहीच बदलले नाही. खरे तर बरेच बदलले: स्नायू आखूड झाला, तंतूंच्या ओळीतले घटक कमी झाले, मधले जाळे चिवट झाले. याला कॉन्ट्रॅक्चर म्हणतात. इथे झोपेतही पाऊल वर येत नाही, आणि प्रतिक्षेप दाबणारी कोणतीही गोळी त्याला लांब करत नाही.

आकडे हातात आल्यावर

आधी हे ठरवा की हा ताठरपणा आडवा येतोय की आधार देतोय. काकांच्या मांडीचे स्नायू दुबळे आहेत, ताठ पायावरच ते उभे राहतात. गोळी देऊन सगळेच ढिले केले तर गुडघा मुडपून ते पडतील. चालण्यातली खरी अडचण बहुतेक वेळा पाऊल वर न उचलले जाण्याची, दुबळेपणाची असते. स्पॅस्टिसिटी दिसायला जास्त ठळक म्हणून सगळा दोष तिच्यावर जातो.

त्यांना आडवे येते ते एका जागी. डाव्या पायावर वजन घेऊन शरीर पुढे जाते, नडगी पावलावरून पुढे झुकते, पोटरी वेगाने ताणली जाते आणि टाच उचलते किंवा गुडघा मागे ढकलला जातो. म्हणून चढावर जास्त त्रास. फेरीबोटीच्या धक्क्यावर ओहोटीच्या वेळी उतरंड लांब उघडी पडते. तिथून वर येताना सरळ न चढता तिरके, आखूड पावलांनी चढायला शिकवा. कदंब बसच्या पायरीवर नुसता चवडा न ठेवता आख्खे पाऊल. मागे पट्टा असलेली सँडल, सपाता नकोत: सपात धरून ठेवायला बोटे वळतात आणि पोटरी आणखी चेवते.

ताण देणे म्हणजे काय, याबद्दल भाबडे राहू नका. सकाळी पाच मिनिटे हाताने ताणले की तेवढ्यापुरते पाऊल सैल वाटते, पण एवढ्याने सांध्याची हालचाल टिकाऊ वाढते असा पुरावा मिळालेला नाही. वजन घेऊन, टाच टेकवून उभे राहण्याचा आणि नडगीच्या स्नायूने पाऊल उचलण्याचा सराव दिवसातून जितका जमेल तितका करा. हालचाल सावकाश सुरू करा, वेग नंतर वाढवा.

औषध डॉक्टर ठरवतील, पण काय बघायचे ते तुम्हाला माहीत हवे. बॅक्लोफेन सहसा 5 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा इथून सुरू होते आणि हळूहळू वाढते. झोप आणि अशक्तपणा येतो, मूत्रपिंड कमजोर असेल तर जास्तच. ते एकदम बंद करू नये. झटके, ताप, भास आणि भयंकर ताठरपणा येऊ शकतो. गावी जत्रेला गेले आणि गोळ्या घरी राहिल्या, असे होऊ देऊ नका. बोटुलिनमचे इंजेक्शन नेमक्या स्नायूला देतात, काही दिवसांत असर सुरू होतो आणि साधारण तीन महिने टिकतो. ते चेता-स्नायूच्या जोडावर काम करते, मज्जारज्जूतला बिघाड तसाच राहतो. काकांचा फरक 20 आहे, त्यांना याचा उपयोग होईल. फरक 5 असलेल्याला आधी प्लास्टर किंवा स्प्लिंटचा विचार करावा लागतो.

शेवटची गोष्ट पावसाळ्यातली. जुलैमध्ये काका परत आले. गेल्या खेपेपर्यंत सुधारत होते, आता क्लोनस दिवसभर, रात्री पाय ओढला जातो. गोळी वाढवण्याआधी चड्डीपासून नखापर्यंत बघा. लघवीचा संसर्ग, तुंबलेले मूत्राशय, बद्धकोष्ठ, स्प्लिंटचा करकचलेला पट्टा, मांसात घुसलेले नख, बूड दुखवणारी जखम: शरीराच्या खालच्या भागातून दुखाची कुठलीही खबर मज्जारज्जूत शिरली की आधीच मोकळ्या सुटलेल्या अल्फा न्यूरॉनना आणखी चेव येतो. रुग्णाला स्वतःला ते दुखणे नीट जाणवेलच असे नाही. काकांचे मोजे काढले, तर ओल्या पावलाच्या शेवटच्या दोन बोटांमध्ये चिखल्या, कातडी फाटून लाल झालेली. बुरशीचे मलम, पाय धुऊन बोटांच्या बेचक्यांतून कोरडे पुसणे आणि दोन जोड कोरडे मोजे. दोन आठवड्यांनी गुडघा सरळ ठेवून पुन्हा मोजले: आर-2 तोच 5, आणि चिखल्यांच्या दिवसांत 25 अंश अलीकडे सरकलेला कॅच परत 15 वर.